सही १२ लाखांना, नोटीस साडेचौदा लाखांची

जामीनदाराला बहुधा पहिली बातमी पोस्टमनकडून कळते. या प्रकरणातही तसंच झालं. नाशिकच्या सिडकोत राहणारे एक शिक्षक, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. अंबडमध्ये छोटं वर्कशॉप चालवणाऱ्या ओळखीच्या मुलाला ते २०२१ च्या जून महिन्यात एका पतसंस्थेत जामीन राहिले होते. २०२४ मध्ये त्यांच्या हातात निबंधक कार्यालयाची नोटीस पडली. संस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मागितला होता आणि रक्कम होती १४ लाख ६० हजार. सर कागद घेऊन आले आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "अहो, मी सही केली ती १२ लाखांना. त्यातलेही त्याने वर्षभर भरलेत. मग हे १४ कुठून आले?"

जामीनदाराच्या बाजूची निम्मी लढाई या प्रश्नाच्या उत्तरात असते. हे प्रकरण आम्ही चालवलं त्या क्रमानेच इथे लिहितो.

सरांना पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बजावल्या. संस्थेत जाऊन 'थोडे दिवस द्या, काहीतरी करतो' असं लिहून द्यायचं नाही, आणि माणुसकी म्हणून एखादा हप्ताही भरायचा नाही. कर्जाच्या अटी जामीनदाराच्या संमतीशिवाय बदलल्या, हा आपला बचाव. बदल कळल्यावर त्याने पैसे भरले किंवा बाकी मान्य केली, तर संस्था तोच कागद पुढे करून म्हणते की संमती होतीच, मागाहून दिली एवढंच. 'बाकी मान्यता पत्र' नावाचा छापील कागद त्यासाठीच पुढे सरकवला जातो. वसुली अधिकारी घरी येतो, चहा घेतो आणि "सर, ही फक्त मार्चअखेरची सही" म्हणतो. ती सही करायची नाही.

मग कागद जमवायला घेतले. जामीनदाराकडे स्वतःच्या सहीच्या कागदाची प्रतसुद्धा नसते, हा नेहमीचा अनुभव. पतसंस्थेत जामीनदार बहुतेक वेळा सभासद असतो आणि सहकार कायद्याचं कलम ३२ सभासदाला स्वतःच्या व्यवहाराशी संबंधित कागद पाहण्याचा हक्क देतं. लेखी अर्ज करून फी भरली की महिन्याच्या आत प्रत द्यावी लागते. अर्जात 'सर्व कागदपत्रे' असं मोघम लिहिलं की हाती खाते उतारा तेवढा पडतो. म्हणून नावानिशी मागितलं: मूळ कर्जमागणी अर्ज, मंजुरीपत्र, वचनचिठ्ठी, जामीनरोखा, परतफेडीचं जुनं आणि नवं वेळापत्रक, पहिल्या दिवसापासूनचा खाते उतारा, आणि कर्जाच्या पुनर्बांधणीबाबत संचालक मंडळाने केलेल्या ठरावाची नक्कल. अर्ज आवक-जावकला देऊन पोच घेतली. प्रत मिळायच्या आधी सुनावणीची तारीख आली तर तीच पोच दाखवून मुदत मागता येते.

कागद येईपर्यंत सरांचा क्रेडिट रिपोर्ट काढला. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो आणि दुसऱ्याला जामीन राहिलेलं कर्जही त्यात 'जामीनदार' म्हणून दिसतं. मंजूर रक्कम, हप्ता, थकीत दिवस हे तिथे जसं कळवलं असेल तसं उमटतं. त्यातला हप्ता आपल्या मंजुरीपत्रातल्या हप्त्याशी जुळत नसेल, तर मध्ये काहीतरी बदललंय हे तिथेच समजतं. सरांच्या रिपोर्टात हप्ता १,५८१ रुपयांनी कमी दिसत होता. एवढ्या खुणेवर पुढचा शोध सुरू झाला.

कागद आल्यावर चित्र असं दिसलं. मूळ कर्ज १२ लाख, व्याज १२ टक्के, मुदत ६० महिने, हप्ता २६,६९३ रुपये. तारण म्हणून कर्जदाराचा टेम्पो नजरगहाण. जामीनदार दोन. पहिले १४ हप्ते वेळेवर आले, तेव्हा मुद्दल साधारण ९ लाख ८० हजारांवर आलं होतं. त्यानंतर सप्टेंबर २०२२ पासून सहा हप्ते चुकले आणि ६० हजारांच्या आसपास व्याज थकलं. मार्च २०२३ मध्ये कर्जदाराने अर्ज दिला, मंडळाने ठराव केला. थकलेलं व्याज मुद्दलात मिळवलं, वर ३ लाख रुपये नवे दिले, व्याजदर १४ टक्के केला आणि मुदत ८४ महिन्यांची केली. नवं मुद्दल १३ लाख ४० हजार, नवा हप्ता २५,११२ रुपये. कर्जदाराने पाच हप्ते भरले आणि हात वर केले. पुढचं व्याज, दंडव्याज, खर्च धरून नोटिशीतला आकडा तयार झाला. मार्च २०२३ च्या कागदांवर दुसऱ्या जामीनदाराची सही आहे. सरांची नाही.

आता कायदा. भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम १३३ सांगतं की धनको आणि ऋणको यांच्यातल्या कराराच्या अटींत जामीनदाराच्या संमतीशिवाय बदल केला, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरता जामीनदार मुक्त होतो. 'बदलानंतरच्या व्यवहारांपुरता' हे शब्द नीट वाचायला हवेत. अनेक जण, आणि काही वकीलही, हे कलम 'अटी बदलल्या म्हणजे जामीनदार सुटला' असं सरसकट वाचतात. इंग्लंडमध्ये १८७८ च्या होम विरुद्ध ब्रन्सकिल निकालापासून तत्त्व जवळजवळ तसंच आहे. आपल्याकडे मात्र कलमानेच रेघ मारून दिली आहे. मार्च २०२३ च्या आधी कर्जदाराच्या हातात पडलेले पैसे रेघेच्या अलीकडे, नंतर दिलेले ३ लाख पलीकडे. केवळ कलम १३३ वर उभं राहिलं, तर सरांची ३ लाखांतून सुटका पक्की. मुद्दल आणि थकलेलं व्याज मिळून होणाऱ्या जुन्या १० लाख ४० हजारांचं काय, हा प्रश्न तसाच उरतो.

त्याचं उत्तर कलम १३५ मध्ये आहे. जामीनदाराच्या संमतीशिवाय धनकोने ऋणकोशी तडजोड केली, त्याला मुदत देण्याचं किंवा दावा न करण्याचं वचन दिलं, तर जामीनदार मुक्त होतो. इथे 'नंतरच्या व्यवहारांपुरता' अशी मर्यादा नाही. कारणही सरळ आहे. जामीनदाराला केव्हाही धनकोचे पैसे चुकते करून त्याच्या जागी उभं राहता येतं आणि लगेच ऋणकोवर दावा लावता येतो. धनकोने स्वतःच मुदत बांधून दिली की हा हक्क अडकतो. जून २०२६ ला संपणारं कर्ज मार्च २०३० पर्यंत गेलं, म्हणजे सरांच्या डोक्यावरची टांगती तलवार पावणेचार वर्षांनी लांबली. तीही त्यांना न विचारता.

पण मुदत देण्याचा 'करार' झालेला असावा लागतो. कर्जदार थकला, संस्थेने सहा महिने दावाच लावला नाही, मॅनेजर म्हणाला "बघा हं, पुढच्या महिन्यात भरा", एवढ्याने काही होत नाही. नुसतं थांबून राहणं म्हणजे मुदत देणं नव्हे, हे कलम १३७ मध्येच लिहिलेलं आहे. म्हणून संचालक मंडळाचा ठराव इतका मोलाचा. कर्जदाराचा अर्ज, ठराव आणि दोघांनी सही केलेलं नवं वेळापत्रक हे तीन कागद एकत्र ठेवले की करार सिद्ध होतो. संस्था ठरावाची नक्कल द्यायला सर्वांत जास्त टाळाटाळ करते, ती यामुळेच. आम्हालाही ती दुसऱ्या स्मरणपत्रानंतर मिळाली.

इथवर सगळं सरांच्या बाजूने होतं. मग जामीनरोखा उघडला. छापील, चार पानी, बारीक टाइप. तिसऱ्या पानावर हे कलम होतं:

"संस्थेने कर्जदारास परतफेडीसाठी मुदतवाढ अथवा हप्त्यांत सवलत दिल्यास त्यामुळे माझी जबाबदारी कमी होणार नाही व त्यास माझी आगाऊ संमती आहे."

जामीनदाराची बहुतेक प्रकरणं इथे मार खातात. कलम १३३ असो की १३५, दोन्हींच्या मुळाशी 'संमतीशिवाय' हा शब्द आहे, आणि रोख्यात आगाऊ दिलेली संमती हीसुद्धा संमतीच असते. जामीनदार करार कायद्याने दिलेलं संरक्षण स्वतःच्या सहीने सोडून देऊ शकतो, ही न्यायालयांची भूमिका आहे. पंजाब नॅशनल बँकेविरुद्धच्या सीताराम गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये जामीनदाराला त्याच्या रोख्यातल्या कलमाने बांधून ठेवलं होतं. तिथला मुद्दा जामीनकी मागे घेण्याचा होता, पण रोखा वाचण्याची रीत तीच. 'छापील होतं, वाचलं नाही' हे उत्तर चालत नाही. शिकलेल्या माणसाच्या तोंडून तर नाहीच.

पण कलम जेवढं बोलतं तेवढंच बोलतं, हा जामीनदाराचा आधार. जामीनकीचा कागद त्याच्या शब्दांपलीकडे ताणायचा नाही, हा जुना नियम. म्हणून आम्ही ते वाक्य शब्दशः कागदावर उतरवलं आणि मार्च २०२३ चा एकेक बदल त्याच्या शेजारी मांडला. मुदत ८४ महिने केली? 'मुदतवाढ' हा शब्द आहे, संमती धरली जाईल. हप्ता कमी केला? 'सवलत' आहे, तेही जाईल. व्याजदर १२ वरून १४? वाक्यात व्याजदराचा उल्लेखच नाही. ३ लाखांची वाढीव रक्कम? नाही. शिवाय रोख्याच्या पहिल्याच पानावर 'रुपये बारा लाख व त्यावरील द.सा.द.शे. १२ टक्के व्याज' असं हाताने भरलेलं. संस्थेने टेम्पोही तारणातून सोडून दिला होता, ते पुढे सांगतो. त्याचाही उल्लेख नाही.

काही संस्थांच्या रोख्यात मात्र 'व्याजदरातील, रकमेतील, तारणातील वा अन्य कोणताही बदल' अशी सर्वव्यापी भाषा असते. तिथे मैदान फार लहान उरतं. कागद हातात आल्याआल्या आधी हे एक वाक्य शोधावं. ते वाचल्याशिवाय जामीनदाराला "तुम्ही सुटलात" असं कुणीही सांगू नये.

टेम्पोचं प्रकरण असं. परिवहन खात्याच्या ऑनलाइन नोंदीत त्या गाडीवर पतसंस्थेचा बोजा दिसत नव्हता आणि मालकही दुसराच होता. पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयातून कागद काढले तेव्हा कळलं की एप्रिल २०२३ मध्ये संस्थेनेच फॉर्म ३५ वर सही करून बोजा उतरवून दिला होता. गाडी २ लाख १० हजारांना विकली गेली. खाते उताऱ्यात ही रक्कम कुठेही जमा नव्हती. कलम १४१ प्रमाणे धनकोच्या हातातल्या तारणावर जामीनदाराचाही हक्क असतो, त्याला ते तारण माहीत असो वा नसो. धनकोने ते गमावलं किंवा त्याच्या संमतीशिवाय सोडलं, तर तारणाच्या किमतीएवढा जामीनदार मुक्त होतो. अमृतलाल गोवर्धन लालन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये हेच लावलं. बँकेच्या ताब्यातल्या तारण मालात तूट आली, तेवढी रक्कम जामीनदाराच्या देण्यातून वजा झाली. नाशिकमध्ये ट्रॅक्टर, टेम्पो, पिकअप यांच्यावरची कर्जं भरपूर आहेत, आणि थकीत खात्यातली गाडी 'विकून थोडं भर' म्हणून सोडून देण्याची सवयही. पैसे खात्यात आले तर जामीनदाराचं नुकसान होत नाही. आले नाहीत, तर हा मुद्दा हातचा सोडू नये.

लेखी म्हणणं तीन पायऱ्यांत मांडलं. पहिली: पुनर्बांधणीने करारच बदलला, कलम १३३ आणि १३५ खाली सर पूर्ण मुक्त. दुसरी, पहिली नाही मानली तर: जबाबदारी जुन्या १० लाख ४० हजारांपुरती आणि १२ टक्क्यांपुरतीच. तिसरी, दोन्ही बाबतीत: त्यातून टेम्पोचे २ लाख १० हजार वजा. दुसऱ्या पायरीचा तक्ता स्वतः करून जोडला, कारण अधिकाऱ्याकडे तो करायला वेळ नसतो आणि संस्था तर करणारच नाही. बदलानंतर आलेले पाच हप्ते आधी जुन्या देण्यात जमा धरले. कर्जदाराने वा संस्थेने पैसे कोणत्या देण्याचे हे ठरवलेलं नसेल, तर कलम ६१ प्रमाणे ते काळाच्या क्रमाने जुन्या देण्यात जातात. १० लाख ४० हजारांवर १२ टक्के, त्यातून पाच हप्ते वजा, म्हणजे ऑगस्ट २०२३ अखेर सुमारे ९ लाख ६५ हजार. अर्जाच्या तारखेपर्यंतचं व्याज धरून सुमारे १० लाख ५५ हजार.

एक गोष्ट इथे ठासून सांगायला हवी. हे सगळं वसुली दाखला निघण्याच्या आधी मांडायचं असतं. 'निघू दे दाखला, मग कोर्टात बघू' हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो महागात पडतो. कलम १०१ चा दाखला थकबाकीचा निर्णायक पुरावा मानला जातो. त्याविरुद्ध कलम १५४ खाली फेरतपासणी मागायची तर दोन महिन्यांची मुदत आणि दाखल्यातल्या येणे रकमेच्या ५० टक्के आधी संस्थेत भरायचे. या प्रकरणात ७ लाख ३० हजार. शिक्षकाने ते कुठून आणायचे? तोवर नियम १०७ खाली जप्तीची कारवाई दारात येते. म्हणून पहिल्या तारखेला हजर राहायचं, म्हणणं दोन प्रतींत द्यायचं, आणि रोजनाम्यात 'कलम १३३, १३५, १४१ चे मुद्दे उपस्थित केले' अशी नोंद आग्रहाने करून घ्यायची. चौकशी संक्षिप्त असते. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं.

सुनावणीत संस्थेच्या बाजूने दोन उत्तरं आली. पहिलं ठरावीक होतं: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, आधी कर्जदाराकडून वसूल करा असं त्याला म्हणता येत नाही. हे बरोबरच आहे, कलम १२८ तेच सांगतं. पण आमचा मुद्दा आधी कोणाकडून वसूल करायचं हा नव्हताच. कोणत्या करारासाठी सर बांधील आहेत, हा होता.

दुसरं उत्तर जास्त हुशारीचं होतं. हप्ता २६,६९३ वरून २५,११२ झाला, म्हणजे बदल कर्जदाराच्या आणि पर्यायाने जामीनदाराच्या फायद्याचाच, मग तक्रार कसली? या युक्तिवादाला आधार आहे. जामीनदाराच्या स्पष्ट फायद्याच्या बदलाने तो सुटत नाही. १९६३ च्या अनिरुद्धन प्रकरणात हमीची रक्कम २५ हजारांची २० हजार केली गेली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने जामीनदाराला जबाबदार धरलं. म्हणून उत्तर आकड्यांतच द्यावं लागलं. जुन्या वेळापत्रकाचे ४६ हप्ते उरले होते, एकूण १२ लाख २८ हजार. नव्याचे ८४ हप्ते, एकूण २१ लाख ९ हजार. हप्ता दीड हजाराने उतरला, बोजा पावणेनऊ लाखांनी चढला. कलम १३३ च्या खालचं शेवटचं उदाहरण तर याहून कडक आहे. १ मार्चला द्यायचे ५ हजार रुपये धनकोने १ जानेवारीलाच दिले. रक्कम तीच, ऋणको तोच, तरी जामीनदार सुटला, कारण धनकोला १ मार्चच्या आधीच दावा करता येईल अशी स्थिती निर्माण झाली.

निकाल पूर्ण सुटकेचा लागला नाही. आगाऊ संमतीच्या वाक्यामुळे मुदतवाढीचा मुद्दा सरांविरुद्ध गेला आणि कलम १३५ ची पायरी निसटली. नवे ३ लाख आणि १४ टक्के व्याज मात्र त्यांच्यावर टाकलं गेलं नाही, टेम्पोची रक्कमही वजा झाली. दाखला कर्जदार आणि दुसऱ्या जामीनदारावर पूर्ण रकमेचा निघाला, सरांवर ८ लाख ४५ हजारांपुरता. जामीनरोख्यात ते एक वाक्य नसतं, तर आमच्या मते सर पूर्ण सुटले असते.

पुढचं काम अजून चालू आहे. सरांनी पैसे भरताना संस्थेला पत्र दिलं की हा भरणा जामीनदार म्हणून आहे आणि पावतीवर तसं लिहावं. 'कर्जखाती जमा' एवढंच लिहिलेली पावती पुढे उपयोगाची नसते. जामीनदार म्हणून दिलेली रक्कम कलम १४५ खाली कर्जदाराकडून परत मागता येते. स्वतःच्या वाट्याहून जास्त भरावं लागलं तर जादा रकमेचा हिस्सा कलम १४६ खाली दुसऱ्या जामीनदाराकडून मागता येतो. कर्जदाराच्या वर्कशॉपमध्ये दोन लेथ मशीन आहेत. तीही संस्थेकडे नजरगहाण आहेत की नाही, हे पाहण्यासाठी कलम ३२ चा नवा अर्ज गेल्या आठवड्यात दिला. पोच फाइलला लावली आहे.